कमोड डुगडुगतोय? आधी पाचर, मग रिंग, सगळ्यात शेवटी बोल्ट

प्रश्न: जुना कमोड काढून नवा वन-पीस कमोड बसवायचाय. मागे भिंतीपासून १२ इंचांवर खाली जाणारा पाइप आहे. दुकानदाराने बोल्टचा सेट आणि मेणाची रिंग दिली आहे. गवंडी म्हणतो, बोल्ट कशाला, पांढऱ्या सिमेंटात बसवून टाकू. फरशीला नहाणीकडे उतार आहे, नुसता ठेवून बघितला तर कमोड डुगडुगतो. बोल्ट घट्ट आवळले की डुगडुगणं थांबेल का? शिम म्हणजे नेमकं काय, कुठे आणि किती घालायचं?

उत्तर:

नाही थांबणार. बोल्ट आवळून डुगडुग बंद झाली असं वाटतं तेव्हा चिनी मातीचा पाया ताणाखाली वाकलेला असतो. चिनी माती वाकणं फार सहन करत नाही. आज नाही तर दोन महिन्यांनी बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघते, आणि ती सांधता येत नाही. बोल्टचं काम कमोडला जागच्या जागी धरून ठेवण्याचं आहे. वजन पेलायचं फरशीने आणि पाचरांनी, पाणी आणि वास अडवायचा रिंगने. ही तीन कामं वेगळी ठेवली की बाकी सगळं सोपं आहे. रिंगवर वजन पडलं किंवा बोल्टवर समपातळीचं काम टाकलं, की बिघाडाची सुरुवात तिथून होते.

शिम म्हणजे आपली पाचर. कडक प्लास्टिकची, एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड. कमोडसाठी म्हणून वेगळ्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर टाइल लेव्हलिंगच्या क्लिपांबरोबर ज्या प्लास्टिकच्या पाचरा येतात त्या टाइलच्या दुकानात सुट्या आणि स्वस्त मिळतात, त्या चालतात. लाकडाची चिपटी, पुठ्ठा, प्लायचा तुकडा किंवा रुपयाचं नाणं घालू नका. लाकूड आणि पुठ्ठा ओलाव्याने आधी फुगतो आणि मग दबतो, नाणं फरशीवर डाग पाडू शकतं.

पाचर किती घालायची हे ठरवण्याआधी डुगडुग कशामुळे आहे ते बघा. नुसत्या उताराने कमोड डुगडुगत नाही. फरशी एकाच दिशेने उतरत असेल तर कमोड तिरका बसेल, पण हलणार नाही. हलतो तो फरशीला पीळ असल्यामुळे. आपल्याकडे नहाणी बहुतेक एका कोपऱ्यात असते आणि फरशीचे दोन उतार त्या कोपऱ्याकडे येऊन मिळतात. जिथे मिळतात तिथे एक तिरकी घडी पडते. कमोडचा पाया त्या घडीवर आडवा आला की पायाचे दोन कोपरे उंच बाजूंवर टेकतात आणि उरलेले दोन अधांतरी राहतात. दुसरं कारण म्हणजे दोन टाइलांमध्ये राहिलेला मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा खालवर. तिसरं कारण कमोडचाच पाया. भट्टीत भाजताना माती थोडी वळते, त्यामुळे चांगल्या कंपनीच्या मालातही थोडा फरक सापडतो. कमोड जुन्या गादीवर आडवा करा, पायाच्या तळावर स्पिरिट लेव्हलची सरळ कड लावून बघा. कडेखालून मागचा उजेड कुठे दिसतो त्यावरून कळतं की दोष मातीचा आहे की फरशीचा. मातीचा फरक तीन-चार मिलिमीटरहून जास्त असेल तर पाचरांच्या भानगडीत न पडता तो नग बदलून आणा.

आता कोरडी जुळणी. रिंग न लावता, बोल्ट न लावता कमोड जागेवर ठेवून बघायचा. ही पायरी वगळली की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. आधी पाइपाच्या तोंडातला चिंधीचा बोळा बघून घ्या. जुना कमोड निघाल्यापासून तो तिथे असायलाच हवा, दोरी बांधलेला, म्हणजे आत घसरला तर ओढून काढता येतो. बोळा नसेल तर वास तर येतोच, शिवाय सिमेंटचे ढेकळं आणि नट पाइपात जातात. पाइपाच्या मध्यातून फरशीवर पेन्सिलने दोन रेघा मारा, एक भिंतीला समांतर आणि एक काटकोनात, आणि त्या कमोडच्या पायाबाहेर दिसतील इतक्या लांब ओढा. भिंतीपासूनचं माप नेहमी टाइलच्या पृष्ठभागापासून पाइपाच्या मध्यापर्यंत घ्यायचं. ३०० मिमीचा कमोड असेल आणि माप ३०५ भरलं तर काही बिघडत नाही, टाकीमागे पाच मिलिमीटर फट राहील. माप २८५ भरलं तर टाकी भिंतीला टेकेल आणि कमोडचं तोंड पाइपाच्या पुढे येईल. तो प्रश्न पाचरांनी सुटत नाही. त्याला कमी अंतराचा कमोड किंवा बाजूला सरकवणारा फ्लँज, म्हणजे पाइपाच्या तोंडावर बसणारा कडेचा तुकडा, लागतो.

एक हिशोब करून दाखवतो, म्हणजे तुमच्या मापांवर लावता येईल. समजा नहाणी कमोडकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे, तुमच्या पायांच्या बाजूच्या कोपऱ्यात आहे. फरशीचा उतार साधारण ८०ला १, म्हणजे ४८० मिमी लांबीच्या पायाखाली पुढेमागे ६ मिमीचा फरक. कमोड ठेवला तर तो उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या कोपऱ्यावर टेकला आहे आणि त्या तिरक्या रेघेवर हिंदकळतो आहे. उजव्या मागच्या कोपऱ्यावर हात दाबून धरला की डाव्या पुढच्या कोपऱ्याखाली ६ मिमी फट दिसते. आता हे ६ मिमी दोन कोपऱ्यांत वाटायचे आहेत. कसे वाटायचे हे स्पिरिट लेव्हल सांगते. बसायचं झाकण काढून ती कमोडच्या काठावर एकदा आडवी, एकदा पुढेमागे ठेवा. या उदाहरणात डावी पुढची बाजू खाली आहे म्हणून तिथे ४ आणि उजव्या मागच्या कोपऱ्याखाली २. बुडबुडा रेघांच्या बरोबर मध्ये आला नाही तरी चालेल. पुढे दोन-अडीच मिलिमीटर कल राहिला तर आतल्या पाण्याची पातळी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच हलते, फ्लशवर काही परिणाम होत नाही. बुडबुड्याच्या नादी लागून पुढून ६-७ मिमी उचललेला कमोड मात्र दिसायला वाईट दिसतो आणि ती फट भरण्यात सिलिकॉनची अर्धी ट्यूब जाते. आडवा कल तेवढा शक्यतो शून्यावर आणा, कारण बसणाऱ्याला तो जाणवतो.

पाचर बोटाने सरकवायची, पायाला टेकली की थांबायचं. हातोडीने ठोकली की ती पाया उचलते आणि समोरचा कोपरा सुटतो. मग तुम्ही गोल गोल फिरत राहता. एकच निमुळती पाचर पायाला फक्त एका रेघेवर टेकते, म्हणून जिथे ३ मिमीपेक्षा जास्त उंची हवी तिथे दोन पाचरा उलट्या दिशांनी एकमेकींवर सरकवा, वरचा-खालचा भाग सपाट होतो. बोल्टच्या भोकाजवळ मात्र दोन्ही बाजूंना पाचर किंवा फरशी पायाला टेकलेलीच हवी, मग कोपरा बोल्टपासून लांब असला तरी. बोल्टखाली पोकळी असेल तर आवळताना नेमका तोच भाग खाली वाकतो. सगळ्या पाचरा घातल्यावर काठावर दोन्ही हात ठेवून कोपऱ्याकोपऱ्याने अंगाचं वजन टाका, मग बसून दोन्ही बाजूंना झुका. टक असा आवाजसुद्धा यायला नको. समाधान झालं की पाचरांच्या जागा फरशीवर पेन्सिलने आखा, बोल्टच्या भोकांतून खालच्या टाइलवर खूण करा आणि कमोड उचलून बाजूला ठेवा. वन-पीस कमोड ३५ ते ४५ किलोचा असतो, दोघांशिवाय हात लावू नका.

आता भोकं. इथे आपल्या इमारतींची एक खास अडचण आहे. बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो, संकन म्हणतात तो, आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून त्यावर टाइल असते. म्हणजे बोल्ट धरणारी तुमची प्लास्टिकची गिट्टी काँक्रीटमध्ये न जाता कोब्यात जाणार. ड्रिलमधून बाहेर येणाऱ्या भुकटीकडे लक्ष द्या. आधी टाइलची पांढरी किंवा फिकट भुकटी येते, मग सिमेंटची करडी. करडीच शेवटपर्यंत आली तर गिट्टी छान धरेल. लाल भुकटी आली तर बिट विटेच्या तुकड्यात आहे. तिथे गिट्टी धरेलही, पण तुकडा भोवतालच्या सिमेंटात सैल असेल तर स्क्रू आवळताना गिट्टी गरगर फिरते. आणि ड्रिल अचानक सप्पकन आत गेलं तर खाली पोकळी आहे. लाल भुकटी आणि पोकळी या दोन्हींसाठी गिट्टीच्या मागे लागू नका. भोक थोडं मोठं करून त्यात केमिकल अँकर भरा, म्हणजे गनने भरायचा इपॉक्सी किंवा विनाइलएस्टर, आणि त्यात ८ मिमीची स्टेनलेसची आटे असलेली सळई उभी बसवा. पोकळी असेल तिथे आधी जाळीची नळी घालावी लागते, नाहीतर सगळा माल खाली वाहून जातो. ट्यूबवर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत सळईला हात लावायचा नाही. याचा आणखी एक फायदा असा की उभ्या सळया कमोड उतरवताना वाट दाखवतात.

भोक पाडताना खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत टाइलची बिट वापरा आणि हॅमर बंद ठेवा. टाइल संपली की मग साधी मेसनरी बिट, आणि हॅमर चालू केलाच तर हलका. व्यास सेटमधल्या गिट्टीवर लिहिलेला असतो तेवढाच घ्या. खोली गिट्टीच्या लांबीपेक्षा १० मिमी जास्त, आणि बिटला त्या मापावर टेप गुंडाळून ठेवा. एकंदर ७० ते ७५ मिमीपलीकडे जाऊ नका. खाली कमोडचा आडवा पाइप, नहाणीचा पाइप आणि वॉटरप्रूफिंगचा थर आहे, आणि त्यातलं काहीही फुटलं तर खालच्या मजल्यावरचे शेजारी तुम्हाला कळवतील. पाइप कोणत्या बाजूला वळतो हे बोळा काढून टॉर्चने बघता येतं. बहुधा तो डक्टच्या भिंतीकडे जातो.

गिट्टीचं वरचं तोंड टाइलच्या खालच्या पातळीच्याही खाली गेलं पाहिजे. गिट्टी टाइलमध्येच अडकून राहिली तर स्क्रू शिरताना ती फुगते आणि टाइलचा कोपरा उडतो. भोकातली भुकटी फुंकणीने काढा, भुकटीत गिट्टी नीट धरत नाही. मग भोकात सिलिकॉनचा एक ठिपका सोडून गिट्टी ठोका. हा ठिपका गिट्टी धरण्यासाठी नाही. टाइलमध्ये तुम्ही जे भोक पाडलं ते तो बंद करतो, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही.

आता रिंग, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. फरशीवरच्या पाइपावर फ्लँज बसलेला हवा आणि त्याची नळी पाइपाच्या आत गेलेली हवी. नियम एकच: पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला वरचा तुकडा खालच्याच्या आत. उलटं केलं की प्रत्येक फ्लशचं थोडं पाणी सांध्याच्या काठावर आपटतं आणि बाहेरची वाट शोधतं. पाइप टाइलच्या वर उभा राहिलेला असेल तर तो टाइलला समतल कापून घ्या, आणि कापल्यावर आतली कड घासा, तिच्यावर कपडा किंवा कागद अडकतो. फ्लँज स्क्रूने फरशीला पक्का करा. हलत्या फ्लँजवर कितीही भारी रिंग लावली तरी ती टिकत नाही.

रिंग किती जाड हवी हे दुकानदाराला ठाऊक नसतं, कारण ते तुमच्या फरशीवर अवलंबून आहे. कमोडच्या पायाच्या तळाची पातळी धरून आतलं तोंड किती वर आहे ते मोजा. समजा १४ मिमी. पाचरांमुळे त्या जागी कमोड साधारण १ मिमी उचलला गेला, झाले १५. फ्लँजची वरची कड टाइलपेक्षा ४ मिमी वर आहे, ती वजा केली की मधली फट राहिली ११ मिमी. ही फट पडताळून बघायला घट्ट मळलेल्या कणकेइतकं स्वस्त हत्यार नाही. लिंबाएवढे चार गोळे फ्लँजवर चारी दिशांना ठेवा, पाचरा जागेवर लावा, कमोड रेघांवर हळूच टेकवा आणि सरळ वर उचला. दबलेले गोळे सुरीने कापून जाडी बघा. चारही ११-१२ मिमी असतील तर छान. एका बाजूला ८ आणि समोर १६ असेल तर फ्लँज तिरका बसला आहे, तो आधी सरळ करा. गोळा एकीकडे दबलाच नाही तर तोंड पाइपावर मध्यभागी येत नाहीये. नंतर कणीक सगळी पुसून काढा, बुरशी धरते.

मोकळी रिंग या फटीपेक्षा निदान ८ ते १० मिमी जाड हवी, म्हणजे ती दबून सगळीकडे पसरते. मेणाची रिंग साधारण २५ मिमी जाड असते. ११ मिमीच्या फटीत ती आरामात पसरेल. फट १५ ते १७ मिमीच्या पुढे गेली तर एक रिंग पुरेशी दबत नाही. सुरुवातीला चालतं आणि काही महिन्यांत वास सुरू होतो. तेव्हा जादा जाडीची रिंग आणा किंवा फ्लँजखाली उंची वाढवणारी चकती घाला. दोन मेणाच्या रिंगा एकावर एक ठेवण्याची सर्रास पद्धत आहे. ती मला आवडत नाही, कारण कमोड उतरवताना वरची रिंग बाजूला सरकली तर ते तुम्हाला दिसणार नाही.

रबराची किंवा फोमची रिंग असेल तर नियम उलट्या बाजूनेही लागतो. मेण जास्त झालं तर बाजूला पसरतं, रबर पसरत नाही. फट ११ आणि रबर २५ असेल तर कमोड पाचरांवर न बसता रबरावर बसतो. मग बोल्ट आवळून तुम्ही रबर दाबायला जाता आणि पाया तडकतो. रबराच्या पाकिटावर किती फटीसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. रबराचा मोठा गुण हा की चुकून कमोड वाकडा टेकला तर उचलून पुन्हा ठेवता येतो. मेण एकदा दबलं की परत फुगत नाही. मेणाच्या रिंगवर टेकवलेला कमोड अर्धा इंच जरी उचलला तरी ती रिंग फेकून नवी लावायची, यात तडजोड नाही. म्हणून घरच्या घरी पहिल्यांदा बसवणाऱ्याने एक जादा रिंग आणून ठेवलेली बरी.

बोळा काढायला विसरू नका. हसू नका, विसरतात. फ्लँज आणि कमोडचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा, ओल्या चिनी मातीला मेण चिकटत नाही. थंडीच्या दिवसात रिंग कडक वाटली तर थोडा वेळ उन्हात ठेवा. पाचरा खुणांवर सिलिकॉनच्या ठिपक्याने चिकटवून टाका, म्हणजे कमोड उतरताना सरकत नाहीत. मग दोघांनी उचलून, तिसऱ्याने रेघांकडे बघत, कमोड सरळ खाली आणायचा. टेकल्यावर फिरवायचा नाही, मागेपुढे ढकलायचा नाही. झाकणाच्या जागी फळी ठेवून तिच्यावर बसा आणि वजनाने मेण दबू द्या, पाया पाचरांवर आल्याचं जाणवतं. पाचरांवर आला नाही तर बोल्टने ओढून आणू नका, रिंग जाड आहे किंवा मध्ये काहीतरी अडकलंय.

बोल्टला आधी प्लास्टिकची बाही, मग प्लास्टिकची चकती, मग स्टीलची. धातू चिनी मातीला कुठेही टेकता कामा नये. हाताच्या पान्याने किंवा पेचकसानेच आवळा, इम्पॅक्ट ड्रायव्हर बाजूला ठेवा. आधी दोन्ही बाजू बोटाने जातील तितक्या, मग डावीकडे पाव फेरा, उजवीकडे पाव फेरा. चकती बोटाने फिरायची थांबली की आणखी पाव फेरा आणि बस. कर्र असा आवाज आला तर लगेच सोडा. तुमच्या कमोडला वरून भोकं नसतील, बाजूने असतील, तर आत एल आकाराचे ब्रॅकेट आधी फरशीला बसतात आणि कमोड उतरवल्यावर बाजूने छोटे स्क्रू जातात. तिथे ब्रॅकेटची जागा चुकली तर दुरुस्त करायला कमोड पुन्हा उचलावा लागतो, म्हणून कोरड्या जुळणीत ती दोनदा तपासा.

सिलिकॉन लावण्याआधी चाचणी. अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप जोडून टाकी भरा, पायाभोवती कोरडा टिश्यू पेपर पसरा, टाकीत थोडी नीळ घाला आणि आठ-दहा वेळा फ्लश करा. प्रत्येक फ्लशनंतर निळा डाग आला तर रिंग गळते आहे, कमोड उचलायचा आणि नवी रिंग. टिश्यू ओला झाला पण निळा नाही, तर पाणी अँगल कॉकपासून किंवा कनेक्शन पाइपाच्या नटापासून येतं आहे. फ्लश न करताही निळं पाणी येत असेल तर टाकी तपासा. पाणी अजिबात नाही पण वास येतो, तर रिंग एका बाजूने टेकलेली नाही. त्याआधी नहाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना ते बघा, कोरडी नहाणी कमोडवर आळ आणते.

सगळं कोरडं निघालं की पाचरांची बाहेर आलेली टोकं कटरने पायाला समतल कापा आणि कडेने बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन फिरवा. फरशी मार्बल किंवा शहाबादी असेल तर न्यूट्रल सिलिकॉन घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन त्या दगडावर डाग पाडतं. पूर्ण गोल बंद करू नका. मागे फट ठेवा असा सल्ला तुम्ही ऐकला असेल, तो सपाट फरशीसाठी ठीक आहे. आपल्या उताराच्या फरशीवर रिंग गळली तर पाणी नहाणीच्या बाजूला जमणार, म्हणून फट तिथेच हवी. आपल्या उदाहरणात ती डाव्या पुढच्या बाजूला, दोन सेंटिमीटर पुरते. तिथे कधी निळं-मातकट पाणी दिसलं तर स्लॅबला ओल लागण्याआधी तुम्हाला कळेल. सिलिकॉन २४ तास कोरडं राहू द्या.

गवंड्याच्या पांढऱ्या सिमेंटबद्दल. तो अगदीच चूक बोलत नाही. सिमेंटचा गिलावा पायाखाली सगळीकडे टेकतो, त्यामुळे डुगडुग लगेच थांबते, आणि पाचरांचा व्याप वाचतो. पण सिमेंट आकसतं, त्यात बारीक भेगा पडतात, त्यांतून फरशी धुतलेलं पाणी आणि लघवी आत शिरते आणि वास कायमचा मुरतो. शिवाय पुढे रिंग बदलायची वेळ आली तर कमोड छिन्नीने सोडवावा लागतो आणि बहुधा फुटतो. बोल्ट मारायला जागाच नाही, म्हणजे भोकाच्या बरोबर खाली पाइप जातो आहे, एवढ्या एका परिस्थितीत मी बोल्ट सोडून देईन. तेव्हाही सिमेंट न वापरता पाचरांवर समतल करून पायाखाली सिलिकॉनचा जाड थर द्यायचा, आणि तो नीट पक्का होईपर्यंत दोन दिवस कमोड वापरायचा नाही. पायाखालची फट १० ते १२ मिमीच्या पुढे जाते आहे, तर मात्र पाचरांचा मनोरा रचण्यापेक्षा त्या जागेची टाइल काढून उतार नीट करून घ्या.

आठवड्याभराने बोल्टची टोपणं काढून नट एकदा तपासा. मेण बसलं की ते थोडे सैल होतात. पाव फेऱ्यात घट्ट झाले तर ठीक. पूर्ण फेरा फिरूनही घट्ट होत नसतील तर गिट्टी फिरते आहे, आणि त्या भोकाला केमिकल अँकरच लागणार.